थाळी घ्यायची की वेगवेगळं मागवायचं? कोल्हापूरच्या मटण थाळीवरून मांडलेला हिशेब

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं कोल्हापुरात जेवायला बसलो. मी, नवरा, सत्तरीच्या सासूबाई आणि बारा वर्षांचा मुलगा. भूक लागलेली, बाहेर नंबर लावून अर्धा तास उभे राहिलेलो. आत गेल्यावर वाढप्याने "चार मटण थाळी?" असं विचारलं आणि आम्ही माना डोलावल्या. जेवण झाल्यावर पाहिलं तर सासूबाईंच्या ताटात दोन तुकडे, एक भाकरी आणि भाताची मूद तशीच होती. मुलाने तांबड्या रश्श्याचा एक घोट घेऊन वाटी जी बाजूला सारली ती सारलीच, आणि "अजून सुकं हवंय" म्हणून माझ्या वाटीकडे बघत बसला. बिल आलं १५९६ रुपये. जेवण उत्तम होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण परतीच्या वाटेवर सासूबाई म्हणाल्या, "मला आख्खी थाळी नको होती गं, किती वाया गेलं." तेव्हा फोनमध्ये मेन्यूकार्डाचा फोटो होता, तो काढून मी आकडेमोड करत बसले.

त्या आकडेमोडीतून जी पद्धत हाती लागली ती इथे लिहिते आहे. उदाहरण मटण थाळीचं घेते, कारण थाळीचं अर्थकारण तिच्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. शाकाहारी थाळी आणि मासळीची थाळी यांत काय बदलतं तेही पुढे सांगेन.

आधी थाळीतली महाग वाटी ओळखा

थाळी समोर आली की आठ-दहा पदार्थ दिसतात आणि मन लगेच म्हणतं, एवढ्या पैशात एवढं सगळं! पण त्यातल्या एक-दोन वाट्याच थाळीची किंमत ठरवतात. बाकी पोट भरायला आणि ताट भरायला असतं. मटण थाळीत ती वाटी म्हणजे सुकं मटण.

रस्सा हवा तेवढा मिळतो आणि सुकं मात्र एकदाच, याचं कारण स्वयंपाकघरात आहे. मटण आधी आलं-लसूण-हळद-मीठ लावून शिजवतात. तुकडे शिजले की खाली जे पाणी उरतं, ते अळणी. त्याच अळणीत नारळाचं दूध आणि काजू, खसखस किंवा तिळाचं वाटण घातलं की पांढरा रस्सा. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसूण चटणी घातली की तांबडा. म्हणजे तुकडे सुक्यात गेले आणि त्यांच्याच पाण्याचे दोन रस्से झाले. हॉटेलवाल्याला मटणाचे पैसे एकदाच मोजावे लागतात. रश्श्याची एक वाटी जास्त गेली तर त्याचं फारसं बिघडत नाही, सुक्याचे दोन तुकडे जास्त गेले तर बिघडतं. म्हणून 'अनलिमिटेड' हा शब्द रश्श्यापुढे असतो. सुक्यापुढे तो लिहिलेला कुठे दिसलाच, तर मी आधी दोनदा विचारून घेईन.

हे आम्ही पैसे मोजून शिकलो. एका हायवेवरच्या हॉटेलात बाहेर मोठा फलक होता, 'अनलिमिटेड मटण थाळी'. नवऱ्याने सुकं दुसऱ्यांदा मागितलं, वाढप्याने काही न बोलता आणून ठेवलं, आणि बिलात 'सुकं एक्स्ट्रा' म्हणून १८० रुपये लागले. विचारलं तर मालकाने मेन्यूकार्डाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. नियम त्यांचाच होता, पण वाढताना एका शब्दाने सांगता आलं असतं.

मागवण्यापूर्वी तीन प्रश्न

टेबलावर पाणी येतं तेव्हा हे विचारून घ्यायचं. नंतर विचारलं तर वाढपी घाईत असतो.

पहिला प्रश्न: "दादा, थाळीत परत काय काय मिळतं?" उत्तर साधारण असं येतं: "रस्सा पायजे तेवढा घ्या ताई. सुकं एकदाच. भाकरी दोन, वर घेतली तर पैसे." या एका उत्तरात थाळीची किंमत कशाची आहे ते कळतं.

दुसरा प्रश्न: "सुक्याच्या प्लेटमध्ये तुकडे किती?" हा प्रश्न असाच विचारायचा. "प्लेट किती जणांना पुरेल?" असं विचारलं की "दोघांना आरामात" हे उत्तर ठरलेलं आहे, प्लेट केवढीही असो. तुकड्यांचा आकडा विचारला की माणूस जरा विचार करून बोलतो. हाफ आणि फुल असे दोन भाव असतील तर दोन्हींतले तुकडे विचारा. हाफचा भाव बहुधा फुलच्या निम्म्याहून जास्त असतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: "दोन थाळ्या आणि बाकी सुटं असं एका टेबलावर चालेल ना?" काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी चालत नाही. जिथे थाळीत सगळंच हवं तेवढं मिळतं तिथे टेबलावर बसलेल्या प्रत्येकाने थाळी घ्यायची, असा नियम बऱ्याचदा असतो, आणि तो समजण्यासारखाही आहे. एकाने थाळी घ्यायची आणि तिघांनी त्यात हात घालायचा, हे त्यांनी पुष्कळ पाहिलेलं असतं. असा नियम असेल तर पुढचा हिशेब करण्यात अर्थ नाही. तिथे लहान मुलाला निम्मा दर आहे का, तेवढं विचारायचं.

चौघांचा हिशेब

आता त्या दिवसाचे भाव. तुमच्या गावात, तुमच्या हॉटेलात ते वेगळे असतील, पण मांडणी हीच राहील.

थाळी ३८० रुपये. तिच्यात सुक्याची वाटी (आमच्या चारही वाट्यांत पाच-पाच तुकडे होते), दोन्ही रस्से हवे तेवढे, दोन भाकरी किंवा तीन चपात्या, भाताची एक मूद, दहीकांदा, सोलकढी आणि कांदा-लिंबू.

सुट्या पदार्थांचे भाव असे: सुक्याची प्लेट आठ तुकड्यांची, ३२० रुपये. कोणत्याही रश्श्याची वाटी ४०. भाकरी २५, चपाती १५. भाताची प्लेट ९०, त्यात दोघांचं भागतं. सोलकढी ४०, दहीकांदा २०.

इथे बहुतेक लोक एक चूक करतात. थाळीतल्या सगळ्या पदार्थांचे सुटे भाव जोडतात, बेरीज ३८० च्या वर जाते आणि थाळी स्वस्त असा निकाल लावतात. पण तुम्ही जे खाणारच नाही त्याची किंमत तुमच्यासाठी शून्य आहे, मेन्यूकार्डावर ती काहीही असो. म्हणून प्रत्येकाचं वेगळं गणित मांडायचं: हा माणूस खरोखर काय खाईल, आणि तेवढंच सुटं घेतलं तर किती होईल?

नवऱ्यापासून सुरुवात करू. तो थाळीचा आदर्श गिऱ्हाईक. पाच तुकडे, म्हणजे प्लेटच्या भावाने २०० रुपये. तांबडा दोन वाट्या, पांढरा दोन वाट्या, १६०. दोन भाकरी ५०. अर्धी प्लेट भात ४५. सोलकढी ४०, दहीकांदा २०. एकूण ५१५. त्याला थाळी १३५ रुपयांनी स्वस्त पडली.

मी पाच तुकडे खाल्ले, तीन वाट्या रस्सा प्याले, एकच भाकरी, पण भात खाल्ला, सोलकढी आणि दहीकांदाही. २००, १२०, २५, ४५, ४० आणि २०. झाले ४५०. मलाही थाळीच परवडली.

सासूबाईंनी तीन तुकडे, एक वाटी पांढरा, एक भाकरी आणि सोलकढी एवढंच घेतलं. १२०, ४०, २५, ४०. एकूण २२५. त्यांच्या थाळीत १५५ रुपये वाया गेले. मुलाने पाच तुकडे आणि तीन चपात्या खाल्ल्या, बाकी कशाला हात लावला नाही. २०० आणि ४५, म्हणजे २४५. तिथे १३५ गेले.

म्हणजे एकाच टेबलावर दोघांसाठी थाळी बरोबर आणि दोघांसाठी चूक. "थाळी परवडते का?" हा प्रश्न टेबलाला विचारला की उत्तर मिळत नाही. माणसाला विचारला की मिळतं.

मग सगळंच सुटं मागवलं असतं तर? चौघांच्या या आकड्यांची बेरीज १४३५ होते, चार थाळ्यांचे १५२० होतात. पण १४३५ हा आकडा फसवा आहे, कारण सुकं तुकड्यांवर मिळत नाही, प्लेटवर मिळतं. आम्हाला अठरा तुकडे हवे होते. त्यासाठी तीन प्लेट घ्याव्या लागल्या असत्या, म्हणजे चोवीस तुकडे. सहा तुकडे जास्तीचे, त्यांचे २४० रुपये. एकूण १६७५. थाळ्यांपेक्षाही महाग. सुटं मागवताना पैसे इथेच गळतात: शेवटची प्लेट निम्मीच लागते, पण भाव पुरी प्लेटचा.

तिसरा मार्ग मिश्र. नवऱ्याला आणि मला दोन थाळ्या, ७६०. एक प्लेट सुकं, ३२०. आठ तुकडे, त्यातले तीन सासूबाईंना आणि पाच मुलाला, अगदी बरोबर वाटणी. एक वाटी पांढरा ४०, एक भाकरी २५, तीन चपात्या ४५, एक सोलकढी ४०. एकूण १२३०.

चार थाळ्या १५२०, सगळं सुटं १६७५, मिश्र १२३०. दोन महिन्यांनी त्याच हॉटेलात पुन्हा गेलो तेव्हा आधी विचारलं, वाढपी हो म्हणाला, आणि मिश्र मागवलं. ताटं रिकामी झाली. थाळीतला रस्सा सासूबाईंच्या वाटीत ओतायचा नाही हे मात्र मी घरूनच ठरवून गेले होते. त्यांची वाटी वेगळी मागवली. चाळीस रुपयांसाठी वाढप्याच्या नजरेला नजर देता येऊ नये, असं जेवण गोड लागत नाही.

एवढी बेरीज दर वेळी करायची गरज नाही. सवय झाली की दोन गोष्टी पाहून अंदाज येतो. जो रस्सा आणि भात दोन्ही खाणार, त्याला थाळी. जो फक्त सुकं आणि भाकरी किंवा चपाती खाणार, त्याला सुटं. आणि सुटं खाणारे किमान दोघं असले पाहिजेत, म्हणजे एक प्लेट नीट संपते. सुटं खाणारा एकटाच असेल आणि हाफ प्लेट मिळत नसेल, तर सरळ सगळ्यांना थाळी घ्या.

किती पदार्थ आणि किती चवी

थाळीचं दुसरं आकर्षण म्हणजे वैविध्य. कोल्हापुरी थाळीत ते खरं आहे, पण ते एका मर्यादेत. सुकं कोरडं आणि खमंग, तांबडा झणझणीत, पांढरा सौम्य, सोलकढी आंबट आणि गार. तिखटाने तोंड भाजलं की पांढऱ्याकडे वळता येतं. या चार चवी एकमेकींना सांभाळतात, आणि त्या वेगवेगळ्या मागवल्या तर हा मेळ बसेलच असं नाही.

पण मटणाचं जे बाकी आहे ते साध्या थाळीत येत नाही. खिमा, मटण लोणचं, रक्ती-मुंडी हे खायचं असेल तर सुटंच मागवावं लागतं किंवा 'स्पेशल' थाळी घ्यावी लागते. स्पेशल थाळीचा भाव साध्या थाळीपेक्षा किती जास्त आहे आणि त्यात नेमकं काय वाढलं आहे, ते पाहा. शंभर रुपये जास्त आणि वाढलं काय, तर एक उकडलेलं अंडं आणि वाटीच्या तळाशी लागेल एवढा खिमा, असं असेल तर साध्या थाळ्या घेऊन मध्ये खिम्याची एक प्लेट मागवलेली बरी. चौघांत चार-चार घास येतात, आणि चव पाहायला तेवढे पुरतात.

शाकाहारी हॉटेलात वैविध्याचा घोळ उलटा असतो. तिथे सुटं मागवताना नावं खूप असतात. पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, काजू करी, मलाई कोफ्ता. पण मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात दोन-तीन ग्रेव्ह्या सकाळीच करून ठेवलेल्या असतात. एक टोमॅटोची लाल, एक काजू-कांद्याची पांढरी, एक भाजलेल्या कांद्याची तपकिरी. ऑर्डर आली की त्यातली एक कढईत घेऊन वेगळा मसाला आणि वेगळा ऐवज. त्यामुळे चार भाज्या मागवल्या आणि दोनच चवी मिळाल्या असं सहज होतं. व्हेज कोल्हापुरीचं तर कोल्हापूरशी नातं नावापुरतंच असतं, पण तो वाद पुन्हा कधीतरी.

यावर तोडगा सोपा आहे. चौघांसाठी तीन पदार्थ पुरतात: एक ग्रेव्हीची भाजी, एक कोरडी भाजी, एक डाळ. दोन ग्रेव्हीच्या घ्यायच्याच असतील तर एक लाल आणि एक पांढरी घ्या. मेन्यूकार्डावरून कळत नसेल तर वाढप्याला रंग विचारा. त्याला हा प्रश्न कळतो.

पोट भरणं

थाळी जेवल्यावर "आज फार झालं" असं का वाटतं? एक कारण चवींतच आहे. एकच पदार्थ खात राहिलं की त्याचा कंटाळा लवकर येतो आणि हात थांबतो. वेगळी चव समोर आली की भूक पुन्हा जागी होते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर प्रयोग केले. एकाच प्रकारचं खाणं दिलेल्या लोकांपेक्षा वेगवेगळ्या प्रकारांचं खाणं दिलेले लोक जास्त खात होते. थाळीत तर सात-आठ चवी एकदम समोर असतात. सुटी मागवलेली भाजी मात्र शेवटी दोन चमचे उरतेच.

दुसरं कारण वाढण्याच्या क्रमात आहे. बसल्या-बसल्या वाढपी रश्श्याची किटली घेऊन येतो आणि दोन्ही वाट्या भरून जातो. भाकरी भाजून येईपर्यंत दहा मिनिटं जातात, तोवर आपण रस्सा पीत बसतो. गरम, स्निग्ध रस्सा दोन वाट्या पोटात गेला की भाकरी येईपर्यंत निम्मी भूक मेलेली असते. मग सुकं, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले ते, शेवटी नाइलाजाने खाल्लं जातं. हॉटेलवाला हे मुद्दाम करतो असं मी म्हणत नाही. ताजी भाकरी भाजायला वेळ लागतोच. पण आपण पहिली वाटी अर्धीच प्यावी आणि भाकरी येईपर्यंत थांबावं. आधी सुकं आणि भाकरी, मधे पांढरा, शेवटी भात आणि त्यावर तांबडा. या क्रमाने जेवलं तर थाळीतलं सगळं हवंसं वाटून संपतं.

ज्यांना भाकरीच जास्त लागते त्यांचं काय? शेतावर राबणारा माणूस चार भाकरी सहज खातो. त्याला थाळीतल्या दोन भाकरी आणि वरच्या दोनचे ५० रुपये, म्हणजे थाळी ४३० ला पडते. तरीही रस्सा मनसोक्त असल्याने ती परवडते. भाकरी बुडवायला कालवण लागतं, आणि ते सुटं घेतलं तर दर वाटीला ४० मोजावे लागतात. पंजाबी जेवणात मात्र बिल रोटीवर फुगतं. भाजी एकदाच मागवतो, रोटी दर पाच मिनिटांनी येत राहते आणि कुणी मोजत नाही. ज्या हॉटेलात बटर रोटी आणि नान भारी भावाचे असतील तिथे भरपूर खाणाऱ्यांनी थाळीचाच विचार करावा.

रस्सा पातळ झालाय का, हेही पाहायला शिका. दुपारी दोन-अडीचनंतर गर्दीच्या हॉटेलात रश्श्यात पाणी वाढवलं जाण्याची शक्यता असते. पांढऱ्यात ते लगेच दिसतं: वाटी दोन मिनिटं स्थिर ठेवली की वाटण खाली बसतं आणि वर निळसर पाणी येतं. तांबड्यात वरच्या लाल तवंगामुळे फसायला होतं. चमच्याने तवंग बाजूला करून खालचा रस्सा चाखा. तिखट आहे पण मटणाची चव नाही, असं असेल तर अळणी संपलेली आहे. अशा वेळी थाळीचा 'हवा तेवढा रस्सा' हा फायदाच उरत नाही, आणि सुकं-भाकरी सुटी घेणं शहाणपणाचं. म्हणून थाळीसाठी मी साडेबारा-एकच्या सुमारास जाते.

शाकाहारी अनलिमिटेड आणि मासे

शाकाहारी अनलिमिटेड थाळीत महाग वाटी शोधणं अवघड असतं, कारण तिथे सगळंच परत मिळतं. पण साधारणपणे गोड पदार्थ, फरसाण आणि पनीर असलेली भाजी यांचे पैसे लागलेले असतात. बासुंदी किंवा आमरस हवा तेवढा मिळत असेल आणि तुम्हाला गोड आवडत असेल, तर ती थाळी परवडते. तिथे ढोकळा-समोशाचा पहिला वाढा सगळ्यांना भरपूर मिळतो आणि जेवणाआधीच पोट भरतं. तो एकेकच घ्यावा. ज्यांना रात्री हलकं खायचं आहे, ज्यांना साखर चालत नाही, त्यांनी या थाळीच्या वाटेला जाऊच नये. साधं वरण-भात आणि एक भाजी सुटी घेतली तर निम्म्या खर्चात काम होतं.

मालवणी किंवा गोव्याच्या मासळीच्या थाळीत भाव तळलेल्या तुकडीचा असतो. म्हणून तर बांगडा थाळी, सुरमई थाळी, पापलेट थाळी अशी वेगवेगळी नावं आणि वेगवेगळे भाव असतात. कालवण, भात, सोलकढी सगळ्यांत तीच. थाळीतली सुरमईची तुकडी बहुधा पातळ कापलेली असते. मासे मनापासून खाणाऱ्या दोघांनी दोन बांगडा थाळ्या घ्याव्यात आणि एक सुरमई सुटी मागवावी. यात तुकडी जाड मिळते आणि दोन प्रकारचे मासे खाऊन होतात. मात्र सुट्या मासळीपुढे भावाच्या जागी 'मार्केट रेट' लिहिलं असेल तर तव्यावर टाकण्यापूर्वी आकडा विचारून घ्यायचा. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. तेव्हा सुरमई कुठून आली हे विचारायला लाजू नये.

बिल वाचताना

दोन भावांची तुलना करताना दोन्ही करासकट आहेत की दोन्ही कराविना, ते पाहा. थाळीच्या फलकावर 'सर्व करांसहित' असतं आणि मेन्यूकार्डातल्या सुट्या भावांवर कर वेगळा लागतो, असंही आढळतं. साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी असतो, अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच राज्याचा. थाळी असो की सुटं, दर तोच. आमच्या १५२० वर ७६ रुपये कर लागून १५९६ झाले. मिश्र ऑर्डरचे १२३० करासह १२९१.५० होतात. म्हणजे फरक २९० नसून ३०४.५० आहे. छोट्या खानावळी बऱ्याचदा कंपोझिशन योजनेत असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. तिथे बिलावर कराची ओळ दिसली तर विचारावं.

सेवाशुल्काची ओळ मोठ्या हॉटेलांत दिसते. ते आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. ते द्यायचं नसेल तर काढायला सांगता येतं.

उरलेलं घरी नेताना

सुट्या ऑर्डरमधलं उरलं तर ते पार्सल करून मिळतं, कारण ती प्लेट तुम्ही विकत घेतलेली असते. अनलिमिटेड थाळीतलं उरलेलं बहुतेक ठिकाणी बांधून देत नाहीत. म्हणून संध्याकाळसाठी काही न्यायचं मनात असेल तर तेवढा भाग सुटाच मागवायचा. आणि पूर्ण थाळीच पार्सल घ्यायची असेल तर 'हवा तेवढा रस्सा' संपला. डब्यात एकेक वाटी येते, भाव मात्र तोच राहतो, कधी वर डब्याचे दहा-वीस रुपये. घरी न्यायला थाळीपेक्षा सुक्याची प्लेट आणि तांबड्याचा एक डबा स्वस्त पडतो. भाकऱ्या घरी भाजता येतात. पांढरा रस्सा मी नेत नाही. नारळाच्या दुधाचा असल्यामुळे तो पुन्हा उकळला की फाटतो. न्यायचाच झाला तर मंद आचेवर, सतत ढवळत, वाफ येईपर्यंतच गरम करा.